शेततळ्यातील मासे पहाटे एकाएकी का मरतात: रात्रीच्या ऑक्सिजनचा आणि खाद्याचा हिशोब

प्रश्न: सर, तासगाव तालुक्यात आमचे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल, प्लास्टिक कागदाचे शेततळे आहे. गेल्या ऑगस्टमध्ये कटला, रोहू आणि मृगळ मिळून २००० बोटुकली सोडली. सध्या १६०० च्या आसपास मासे असतील, सरासरी वजन पाव किलो. रोज १२ किलो तरंगते खाद्य देतो, सहा किलो सकाळी साडेसहाला आणि सहा किलो संध्याकाळी साडेसहाला. तळ्यात आता दोन मीटर पाणी आहे आणि ते गडद हिरवे आहे. परवा संध्याकाळी वळीव झाला, काल दिवसभर आभाळ होते आणि आज पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंड काढून होते. नऊ वाजेपर्यंत तीनशे मेले, त्यात मोठे कटले जास्त. विहिरीचे पाणी सोडले तर उरलेले पाइपाखाली येऊन गोळा झाले. शेजारी म्हणतात, कुणीतरी औषध टाकले. पाण्याची बाटली भरून ठेवली आहे. हे विष आहे का, आणि नसेल तर पुढे काय करायचे?

उत्तर:

कुणी विष टाकलेले नाही, असे तुमच्याच वर्णनावरून मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. औषधाने मासे मरतात तेव्हा बहुधा लहान मासे आधी जातात. ते वेडेवाकडे पोहतात, गिरक्या घेतात, आणि मरण्याला वेळकाळ नसतो, भर दुपारीसुद्धा मरतात. त्याबरोबर बेडकांची पिल्ले आणि पाण्यातले किडेही मेलेले सापडतात. ऑक्सिजन संपतो तेव्हा सगळे याच्या उलट होते. मरण्याची वेळ पहाटेची असते, मोठे मासे आधी जातात, वरच्या थरात राहणारा आणि ऑक्सिजनची जास्त गरज असलेला कटला रोहूच्या आधी जातो, मेलेल्या माशाचे तोंड उघडे आणि कल्ले फाकलेले दिसतात, आणि जिवंत मासे जिथे पाणी वरून पडते तिथे गर्दी करतात. तुमच्या पाइपाखाली जमलेली गर्दी हाच सर्वांत मोठा पुरावा आहे. विषबाधा झालेला मासा सहसा असा पाइप शोधत येत नाही. बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजनबद्दल फारसे काही कळणार नाही, कारण ते सकाळी उशिरा भरलेले असेल तर तोवर ऊन लागून ऑक्सिजन पुन्हा चढू लागलेला असतो, आणि बंद बाटलीत तो आणखी बदलतो. शेजाऱ्यांशी उगीच वैर धरू नका.

आता मूळ कारणाकडे वळतो. तळ्यातला ऑक्सिजन दिवसा वाढतो आणि रात्री घटतो. तुमच्या तळ्यातील हिरवा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ. उन्हात ते ऑक्सिजन तयार करते. आपल्या उंचीवर २८ अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मुरलेला ऑक्सिजन फार तर लिटरला सव्वासात मिलिग्रॅमच्या आसपास राहतो, परंतु चांगल्या उन्हाच्या दिवशी शेवाळामुळे तो संध्याकाळी ९ किंवा त्याहूनही वर गेलेला असतो. सूर्य मावळला की ऑक्सिजन तयार होणे थांबते, पण हेच शेवाळ माशांप्रमाणे श्वास घेतच राहते आणि सूर्योदयापर्यंत फक्त खर्च चालू राहतो. म्हणजे रात्री किती मासे जगतील हे मावळतीच्या शिलकीवर आणि रात्रभराच्या खर्चावर ठरते. कार्प माशांना लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असला तर त्रास नाही, ३ च्या खाली ते खाणे सोडतात, आणि १ ते २ च्या दरम्यान वर येऊन तोंड मारू लागतात.

तुमच्या तळ्याचा हिशोब मांडून पाहू. कडांना दीडास एकचा उतार धरला तर दोन मीटर पाण्यात सुमारे साडेअकरा लाख लिटर पाणी भरते. याचा अर्थ लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अख्ख्या तळ्यात मिळून सव्वा किलोहूनही थोडा कमीच ऑक्सिजन. १६०० मासे गुणिले पाव किलो म्हणजे ४०० किलो मासा. पोटभर खाल्लेला असा मासा या तापमानात तासाला किलोमागे साधारण पाव ग्रॅम ऑक्सिजन घेतो, म्हणजे ४०० किलोंचा तासाला १०० ग्रॅम आणि बारा तासांच्या रात्रीत सव्वा किलोच्या आसपास. पूर्ण तळ्याच्या भाषेत हा खर्च लिटरला जेमतेम एक मिलिग्रॅम भरतो. तळाशी साचलेल्या घाणीचा खर्च अर्धा मिलिग्रॅम धरा. पण गडद हिरव्या पाण्यातले शेवाळ आणि जिवाणू एकटे रात्रीत साडेतीन मिलिग्रॅम सहज संपवतात. एकूण खर्च पाच झाला आणि त्यात माशांचा वाटा एकपंचमांश. हे आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या तळ्यात थोडे इकडेतिकडे होतील, मात्र प्रमाण असेच निघेल. लोक मला विचारतात की मासे जास्त झाले म्हणून मेले का. ते काही अंशी खरे आहे, पण रात्रीचा मोठा खर्च माशांचा नव्हे, हिरव्या पाण्याचा असतो.

उन्हाच्या दिवशी तुमची मावळतीची शिल्लक ९ असेल. त्यातून पाच वजा झाले की पहाटे ४ उरतात आणि मासे ठीक राहतात. म्हणूनच इतके महिने काही घडले नाही. आभाळाच्या दिवशी शेवाळाने काम केले नाही, मावळतीची शिल्लक साडेपाचवर राहिली, आणि खर्च मात्र तेवढाच चालू राहिला. साडेपाचातून पाच गेले तर उरले अर्धा. त्यात वळवाने भर घातली. उन्हाळ्यात तुमच्या तळ्याचा वरचा थर तापलेला आणि खालचा थंड असतो, त्यामुळे खालचे पाणी आठवडेच्या आठवडे वर येत नाही. त्यात विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. वळवाचा गार पाऊस आणि त्याबरोबरचा वारा ते सगळे एकदम ढवळून टाकतो. पाऊस पडल्यावर तळ्यावरून कुजल्या अंड्यासारखा वास आला असेल तर खालचे पाणी वर आले असे समजावे.

हे पाणी इतके हिरवे झाले कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर खाद्यात आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभाही तोच आहे. मासा खातो त्यातला थोडाच भाग त्याच्या अंगी लागतो. उरलेले नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरते आणि ते शेवाळाला मिळालेले खत ठरते. खाद्याचा एक किलो पाण्यात पडला की तो माशांच्या श्वासात आणि पुढे कुजण्यात मिळून जवळजवळ एक किलो, कधी त्याहून थोडा जास्त, ऑक्सिजन खातो. ज्या तळ्यात एअरेटर नाही, तिथे हेक्टरी रोज ३० किलोंच्या पलीकडे खाद्य देऊ नये, ही जुनी आणि भरवशाची मर्यादा आहे. तुमच्या तळ्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे नऊ गुंठे. तुमच्या वाट्याला पावणेतीन किलो येतात. तुम्ही १२ किलो देत होता, चारपटीहून जास्त.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पोत्यावरचा तक्ता सांगतो की पाव किलोच्या माशाला वजनाच्या तीन टक्के खाद्य द्या, आणि ४०० किलोंचे तीन टक्के बरोबर १२ होतात. तो तक्ता माशासाठी बरोबर आहे, परंतु तुमच्या तळ्यात किती पाणी आहे आणि रात्री तिथे एअरेटर चालतो की नाही, हे त्याला ठाऊक नसते. माझ्या पहिल्या तळ्यात, कराडजवळ, मीसुद्धा हाच तक्ता डोळे झाकून पाळला. एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यावर आणखी एक किलो वाढवला आणि श्रावणातल्या सलग तिसऱ्या झाकोळलेल्या दिवशी दोन ट्रॉल्या मासे पुरले.

आता पुढचे. पहिल्यांदा आजची रात्र सांभाळायची आहे, कारण आभाळ गेलेले नाही आणि मेलेले मासे कुजून ऑक्सिजन आणखी खातील. दुपारपर्यंत दिसतील तेवढे मेलेले मासे जाळीने अलगद काढून, विहिरीपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. खाद्य आज आणि उद्या पूर्ण बंद ठेवा. पाव किलोच्या कार्पला चार दिवस उपास घडला तरी काही होत नाही. जाळे ओढून मासे मोजण्याचा मोह आवरा, दमलेला मासा त्या धावपळीने मरतो. युरिया, शेण, सुपर फॉस्फेट काही टाकू नका. चुनाही आज नको, कारण त्याने पाण्याचा सामू वाढला तर साठलेला अमोनिया माशांना जास्त बाधतो.

रात्री ऑक्सिजन घालण्याचा साधा उपाय म्हणजे तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून तळ्यातच उंचावरून तुकडे तुकडे होऊन पडेल असे सोडणे. पाइपाच्या तोंडाला भोके पाडलेला तुकडा किंवा उलटी घमेली बांधली तर पाणी फुटून पडते. यात एक चूक सर्रास होते. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तो तळाला टेकवून ठेवला जातो. तसे केले तर खालचे घाणेरडे, ऑक्सिजनहीन पाणी वर खेचले जाते आणि मासे वाचण्याऐवजी मरतात. तो ड्रमला किंवा मोठ्या कॅनला बांधून पृष्ठभागाखाली अर्धा मीटर लोंबकळत ठेवा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडायचे असेल तर तेही फोडूनच सोडा, कारण खोल बोअरच्या पाण्यात स्वतःचा ऑक्सिजन फार थोडा असतो. तुमचे मासे पाइपाखाली जमले ते पाणी ताजे म्हणून नव्हे, ते पडताना हवा घेत होते म्हणून.

दुकानात ऑक्सिजनच्या गोळ्या आणि दाणे मिळतात. त्यांचा हिशोबही एकदा करून ठेवा. सोडियम परकार्बोनेटच्या एका किलोतून जास्तीत जास्त १३० ते १५० ग्रॅम ऑक्सिजन निघतो. तुमच्या तळ्यात लिटरला एक मिलिग्रॅम वाढवायला साधारण आठ किलो लागतील आणि रात्रीचा खर्च पाच मिलिग्रॅमचा आहे. एका कोपऱ्यात जमलेल्या माशांना तासभर आधार द्यायला ते ठीक आहेत, तळे वाचवायला नाहीत. पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिजन वाढत नाही, उलट शेवाळ मरून तो आणखी खाली जाऊ शकतो.

याच कारणासाठी मोरचूदपासून जपून राहा. द्राक्षाच्या पट्ट्यात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ठिबकचे फिल्टर शेवाळाने तुंबतात म्हणून अनेक जण तळ्यात मोरचूद सोडतात, आणि मासे असलेल्या तळ्यातही सोडतात. पाणी दोन दिवसांत नितळ दिसते, पण ते सगळे शेवाळ एकाच वेळी मरून कुजते, ऑक्सिजन तयार करणारे कुणी उरत नाही, आणि तिसऱ्या पहाटे मासे वर येतात. कधी कधी शेवाळ आपोआपही मरते. गडद हिरवे पाणी एका रात्रीत तपकिरी किंवा राखाडी झाले, किंवा काठाला सायीसारखा थर आला, तर त्याच दिवशी खाद्य बंद करून रात्रीची तयारी करावी.

तळे सांभाळण्यासाठी दोन मोजमापे पुरेशी आहेत. एक काळ्या-पांढऱ्या तबकडीचे. वीस सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे झाकण घ्या, त्याचे चार भाग पाडून एकाआड एक काळे आणि पांढरे रंगवा, मधोमध गाठींची दोरी बांधून खाली वजन लावा. सकाळी ११ ते दुपारी ३ च्या दरम्यान, पाठीवर ऊन घेऊन, ते पाण्यात सोडा आणि दिसेनासे होते ती खोली मोजा. २५ ते ४० सेंटिमीटर चांगले. २० च्या खाली आले की पाणी जास्त हिरवे झाले, त्या आठवड्यात खाद्य निम्मे करा आणि शक्य असेल तर थोडे वरचे पाणी बागेला देऊन त्या जागी विहिरीचे भरा. तुमच्याकडे बाग असेल तर हे सहज होते, आणि माशांचे पाणी बागेला खताइतके उपयोगी पडते.

दुसरे मोजमाप ऑक्सिजनचे. हातातला डीओ मीटर परवडत नसेल तर रंगाच्या किटनेही भागते, मात्र मोजण्याची वेळ चुकवू नका. दुपारचे मोजमाप मनाला समाधान देते, पण त्यातून काही कळत नाही. संध्याकाळी ७ वाजता आणि रात्री १० वाजता, पाण्याच्या अर्ध्या मीटर खाली मोजा. समजा ७ वाजता ६.० आले आणि १० वाजता ४.८. तीन तासांत १.२ घटले, म्हणजे तासाला ०.४. हाच वेग रात्रभर राहतो असे धरले तर सकाळी ६ वाजता १.६ उरतील, आणि ३ ची पातळी रात्री अडीचला गाठली जाईल. म्हणजे एअरेटर किंवा पंप दीड वाजता चालू झाला पाहिजे. मासे वर येण्याची वाट पाहायची नाही, ते वर येतात तेव्हा तुम्ही एक तास मागे पडलेले असता. कागदावर ही रेघ महिनाभर ओढली की तुमचे तळे तुम्हाला पाठ होते, नंतर फक्त आभाळाच्या आणि वळवाच्या दिवशी मोजले तरी चालते.

एअरेटर घ्यायचा की नाही, हा निर्णय खाद्याशी जोडून घ्या. तुमचे आता सुमारे १३०० मासे, ३२५ किलो वजन उरले आहे. दोन टक्क्यांनी साडेसहा किलो खाद्य लागते. एअरेटर नसेल तर तुम्हाला तीन किलोंवर थांबावे लागेल. त्यात मासे जिवंत राहतील, थोडे वाढतील, पण हव्या त्या वेगाने नाही, किंवा निम्मे मासे दुसऱ्या तळ्यात हलवावे लागतील. एअरेटर घेतला तर एक एचपीचा पॅडलव्हीलचा पुरतो. तो प्रत्यक्ष तळ्यात तासाला साधारण अर्धा ते पाऊण किलो ऑक्सिजन घालतो आणि वर काढलेला तुमचा रात्रीचा खर्च तासाला अर्धा किलोच्या आसपास आहे. अडचण यंत्राची नाही, विजेची आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पहाटे असेलच असे नाही, तेव्हा सिंगल फेजवर चालणारी मोटर घ्या आणि लाइट गेल्याचे कळवणारा भोंगा झोपायच्या खोलीत लावा. जनरेटर नसेल तर डिझेल पंप तळ्याच्या काठावर भरून तयार ठेवा. एअरेटर काठाला समांतर, पंखे एका दिशेने पाणी फिरवतील असा लावा आणि कागदाला घासणार नाही हे पाहा. उन्हाच्या दिवसांत दुपारी एक ते तीनही तो चालवला तर वरचे ऑक्सिजनयुक्त पाणी खाली जाते, खालचा थर कुजत नाही, आणि वळवाने एकदम ढवळण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. रात्रीच्या फेऱ्यांपेक्षा हा दुपारचा फेरा जास्त उपयोगी पडतो असे मला वाटते, आणि फार थोडे लोक तो करतात.

खाद्याची वेळ बदला. सकाळी साडेसहाला तळ्यात दिवसातला सर्वांत कमी ऑक्सिजन असतो आणि संध्याकाळी साडेसहानंतर तो उतरणीला लागतो. खाल्ल्यानंतर पुढचे काही तास माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, म्हणजे तुमचे संध्याकाळचे सहा किलो नेमके रात्रीच्या खर्चात जाऊन बसत होते. पहिला वाटा साडेनऊ ते दहा, दुसरा साडेतीनच्या आत द्या. तरंगते खाद्य पीव्हीसी पाइपाच्या चौकटीत टाका म्हणजे वाऱ्याने कडेला जात नाही, आणि तिथेच उभे राहून घड्याळ लावा. पंधरा ते वीस मिनिटांत संपले तर बरोबर, उरले तर दुसरा वाटा निम्मा. मासे उत्साहाने वर आलेच नाहीत तर हाताला लागलेले खाद्यसुद्धा परत पोत्यात टाका आणि ऑक्सिजन मोजा. सकाळचे ऊन पडले नसेल तर पहिला वाटा देऊ नका, दुपारी ऊन निघाले तर एकच निम्मा वाटा द्या, आणि सलग दुसऱ्या दिवशी झाकोळ असेल तर काहीच नको. दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने तीसएक मासे काढून वजन करा आणि खाद्य त्या वजनावरून काढा, अंदाजावरून नको, आणि जाळे मात्र सकाळी नऊनंतर टाका.

आजच्या घटनेनंतर खाद्य पुन्हा सुरू करताना, लागोपाठ दोन दिवस कडक ऊन पडून गेले आणि पहाटे मासे वर आले नाहीत, की तिसऱ्या दिवशी दीड किलो एकाच वेळी द्या. दोन दिवसांनी तीन किलो करा. त्याच्या पुढे एअरेटर फिरायला लागल्याखेरीज जाऊ नका.